एसडीच्या रकान्यात एसई: शुद्धिपत्र लिहायचं कसं?

प्रश्न: गेल्या वर्षी आमचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गुडघेदुखीच्या रुग्णांना १२ आठवडे व्यायाम दिला तर वेदनेचा गुणांक (० ते १००) कमी होतो का, असा विषय. दोन गट, प्रत्येकी ६४ जण. सरासरी ४१.० आणि ४७.०, फरक ६.०, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.७ ते १०.३, पी ०.००७. परवा एका अनोळखी विद्यार्थ्याचा मेल आला: 'तक्ता २ मध्ये एसडी १.५ आणि १.६ दिलंय, ते नक्की एसडीच आहे ना?' फाईल उघडली आणि पोटात गोळा आला. ते एसई आहे, मथळा मात्र एसडीचा. निष्कर्ष तेच राहतात असं मला वाटतं. गाईड म्हणतात, 'टायपिंगची किरकोळ चूक' म्हणून दोन ओळी लिहून टाक. दुसरे सहलेखक म्हणतात, पानभर खुलासा करू, नाहीतर लोक म्हणतील लपवलं. मला धास्ती आहे की शुद्धिपत्र दिसताच लोक अख्खा निबंधच चुकला असं धरतील. स्पष्टही हवं आणि घबराटही नको, हे कसं जमवू?
– पहिली लेखिका

उत्तर: गाईड आणि सहलेखक यांच्या वादात पडण्याआधी तुमच्याच पत्रातले दोन शब्द उचलतो: 'मला वाटतं'. शुद्धिपत्रात 'निष्कर्ष बदलत नाहीत' हे वाक्य जाणार आहे आणि वाचक सगळ्यात आधी तेच शोधणार आहे. ते वाटण्यावर लिहायचं वाक्य नाही. म्हणून आधी तपासणी, मग लेखणी.

पहिली तपासणी कागद-पेन्सिलीची आहे, दहा मिनिटांत होते. एसडी म्हणजे माणसं सरासरीपासून किती विखुरलेली आहेत ते. एसई म्हणजे ती सरासरी स्वतः किती भरवशाची आहे ते. एसडीला गटातल्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की एसई मिळतं. तुमच्याकडे ६४ जण, वर्गमूळ ८. म्हणजे छापलेले १.५ आणि १.६ जर खरोखर एसई असतील तर एसडी १२.० आणि १२.८ यायला हवं.

आता निबंधातलाच दुसरा आकडा साक्षीला बोलवा. १.५ आणि १.६ यांचे वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढलं की २.१९ येतं. त्याला साधारण १.९८ ने गुणलं की ४.३. फरक ६.० आहे, तर इंटरव्हल १.७ ते १०.३ होतो. तुम्ही छापलाय तोच. उलट १.५ आणि १.६ हे खरोखर एसडी असते, तर इंटरव्हल ५.५ ते ६.५ इतका चिंचोळा आला असता आणि पी ०.००७ असण्याचं काही कारण उरलं नसतं. म्हणजे मजकुरातले आकडे मूळ विदेवरून निघालेले आहेत आणि घोटाळा तक्ता भरताना झालाय, असा चांगला पुरावा तुमच्या निबंधाच्या पोटातच आहे. तो शुद्धिपत्रात वापरायचा आहे, विसरू नका.

(जाता जाता: शंभर गुणांच्या मोजपट्टीवर एसडी १.५ म्हणजे गटातल्या बहुतेक सगळ्यांचे गुण ३८ ते ४४ च्या आत. चौसष्ट माणसांचे गुडघे एका सुरात दुखतात, असं तो तक्ता म्हणत होता. परीक्षकांनाही ते खटकलं नाही, संपादकांनाही नाही. खटकलं ते एका विद्यार्थ्याला, कारण त्याला तो आकडा वापरायचा होता.)

दुसरी तपासणी मूळ विदेवर. फाईलची एक प्रत वेगळी ठेवा, तिला हात लावू नका, आणि विश्लेषण पहिल्यापासून पुन्हा चालवा. शक्य असेल तर ज्याने तो तक्ता केला नव्हता अशा सहलेखकाच्या हातून. यात कुणावर अविश्वास दाखवायचा नाही, पण आपणच टाकलेली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तक्ता २ च्या प्रत्येक ओळीचा प्रत्येक आकडा ताडून पाहा, फक्त ते चुकीचे दोनच नव्हे. मग त्याच आउटपुटमधून आणखी काय काय बाहेर पडलं ते शोधा: आलेखावरच्या एरर बार कशाच्या आहेत, पुरवणीतला तक्ता कुठून आला, गोषवाऱ्यात कंसात काय लिहिलंय, प्रीप्रिंट आहे का, विदाभांडारात जी फाईल ठेवली तिच्या रकान्याचं नाव काय.

हे सांगतोय त्याला कारण आहे. हा घोटाळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी जन्म घेतो. एसपीएसएसमध्ये दोन गटांची टी-चाचणी चालवली की पहिला चौकोन येतो तो `Group Statistics`. त्यात `N`, `Mean`, `Std. Deviation`, `Std. Error Mean` असे रकाने शेजारी शेजारी. कॉपी करताना हात एक रकाना उजवीकडे सरकला की झालं. पण हात एकदाच सरकला की प्रत्येक तक्त्याच्या वेळी, हे बघितल्याशिवाय कळत नाही. एका नियतकालिकाच्या संपादकीय टेबलावर मी बरीच वर्षं काढली. तिथे एका गटाने तक्ता ४ साठी शुद्धिपत्र दिलं, आम्ही छापलं, आणि दोन महिन्यांनी तक्ता ५ मध्ये हुबेहूब तीच चूक निघाली. पहिल्या शुद्धिपत्राने कुणी घाबरलं नव्हतं. दुसऱ्याने घाबरले, कारण शुद्धिपत्राचंच शुद्धिपत्र वाचल्यावर माणूस विचारतो की तिसरं कधी येणार.

तपासणीत पी किंवा इंटरव्हलही हलला, तर मात्र थांबा. चुकीच्या आकड्यांवरूनच चाचणी केली गेली होती असं निघालं, तर ते वेगळं प्रकरण आहे आणि खालचा मसुदा त्याला लागू नाही. पुढचं सगळं मी तपासणी स्वच्छ निघाली असं धरून लिहितोय.

आता तुमची धास्ती. निबंध मागे घ्यावा लागेल का? नाही. प्रकाशननीतीसाठी काम करणाऱ्या 'कोप' या समितीच्या मार्गदर्शनात ही रेघ बरीच स्पष्ट आहे: निष्कर्षच विश्वासार्ह राहिले नसतील तर मागे घेण्याचा विचार, आणि एरवी विश्वासार्ह असलेल्या निबंधाचा लहानसा भाग दिशाभूल करत असेल तर दुरुस्ती. वैद्यकीय संपादकांची आयसीएमजेई ही समितीही प्रामाणिक चुका हा विज्ञानाचा आणि प्रकाशनाचा भाग आहे असंच म्हणते, पण त्या सापडल्यावर दुरुस्ती छापलीच पाहिजे हेही बजावते. तुमचं प्रकरण सरळ दुरुस्तीचं आहे. नावाचं म्हणाल तर जुन्या रिवाजात छापणाऱ्याची चूक ती 'इरॅटम' आणि लेखकाची ती 'कॉरिजेंडम'; हल्ली बरीच नियतकालिकं दोन्हींना नुसतं 'करेक्शन' म्हणतात. तुमचं नियतकालिक जो शब्द वापरतं तो घ्या, त्यावर घासाघीस करू नका.

मग गाईडच्या दोन ओळींत वाईट काय? त्या कशा होतील ते लिहूनच दाखवतो:

> 'तक्ता २ मध्ये टायपिंगची किरकोळ चूक अनवधानाने राहून गेली होती. काही आकडे चुकीचे छापले गेले. याचा निष्कर्षांवर कोणताही परिणाम होत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

वाचायला अगदी सौम्य. पण वाचकाच्या जागी बसा. 'काही आकडे' म्हणजे कुठले? त्याला माहीत नाही, म्हणून तो सगळेच संशयित धरतो. 'किरकोळ' हे कोण ठरवतंय? ज्याने चूक केली तोच. 'कोणताही परिणाम नाही' हे कशावरून? सांगितलेलं नाही. आणि 'टायपिंगची चूक' हे तर खरंही नाही. टायपिंगमध्ये १२ चे २१ होतात. इथे एका राशीच्या नावाखाली दुसरी राशी छापली गेली आहे. घबराट होते ती नेमकी अशा मजकुराने, कारण चुकीला कुंपणच घातलेलं नाही. मोकाट गाय कुठल्या शेतात शिरेल ते सांगता येत नाही, तसं.

आणि खरं सांगायचं तर 'किरकोळ' हे तुमच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. ज्याने निबंध वाचून 'व्यायामाने सहा गुणांनी फरक पडतो' एवढंच घेतलं, त्याच्यासाठी काहीच बदललेलं नाही. पण तुम्हाला मेल करणारा विद्यार्थी बघा. तो अनेक निबंधांचे आकडे एकत्र करतोय. त्याला परिणामाचा आकार हवाय, म्हणजे फरक भागिले एसडी. योग्य एसडी घेतलं तर ६.० भागिले साधारण १२.४, म्हणजे ०.४८. मध्यम परिणाम, विश्वास बसेल असा. तुमच्या छापील तक्त्यावरून घेतलं तर ६.० भागिले १.५५, म्हणजे ३.८७. एवढा परिणाम व्यायामाने तर सोडाच, कशानेही क्वचितच होतो.

वजनाची गोष्ट त्याहून गमतीची. एकत्रित विश्लेषणात ज्या अभ्यासाची अनिश्चितता कमी त्याला वजन जास्त. त्याने थेट गुणांमधला फरक घेऊन गणित केलं आणि तुमचं एसई एसडी म्हणून भरलं, तर संगणक त्याला पुन्हा एकदा ८ ने भागतो. अनिश्चितता आठपट कमी दिसते आणि वजन चौसष्टपट वाढतं. तुमचे १२८ रुग्ण त्या विश्लेषणात ८,१९२ रुग्णांच्या थाटात बसतात आणि बाकीच्या अभ्यासांचा आवाज दाबून टाकतात. एसडी-एसईची ही गल्लत इतकी नेहमीची आहे की असे आढावे करणाऱ्यांसाठीच्या कॉक्रेन हँडबुकमध्ये तिच्याबद्दल मुद्दाम सावध केलेलं आहे.

तेव्हा तुमच्या चुकीचे वाचक दोन प्रकारचे: एकाने काहीच करायचं नाही, दुसऱ्याने आकडा बदलायचाच आहे. शुद्धिपत्राने पहिल्याला निश्चिंत करायचं आणि दुसऱ्याला हलवायचं. हे दोन्ही एकाच 'परिणाम नाही' या वाक्याने होत नाही. दोघांना दोन वाक्यं लागतात. मी असं लिहीन:

> शुद्धिपत्र: [निबंधाचं पूर्ण शीर्षक, खंड, पृष्ठे, डीओआय]
>
> या निबंधाच्या तक्ता २ मधील 'वेदना गुणांक, १२ आठवडे' या ओळीत 'एसडी' या मथळ्याखाली एसईचे आकडे छापले गेले. व्यायाम गटासाठी छापलेला आकडा १.५ आहे, योग्य एसडी १२.० आहे. तुलना गटासाठी छापलेला आकडा १.६ आहे, योग्य एसडी १२.८ आहे. सरासरी (४१.० आणि ४७.०) आणि गटांतील संख्या (प्रत्येकी ६४) बरोबर आहेत.
>
> विश्लेषणाच्या आउटपुटमधून तक्ता तयार करताना शेजारचा रकाना घेतला गेल्यामुळे ही चूक झाली. गटांमधील फरक (६.०), त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (१.७ ते १०.३) आणि पी (०.००७) हे तक्ता २ वरून नव्हे, तर रुग्णनिहाय विदेवरून काढलेले होते. विश्लेषण पुन्हा केले असता ते तसेच आले. निबंधातील इतर सर्व तक्ते, आलेख आणि पुरवणी मूळ विदेबरोबर ताडून पाहिल्या. त्यांत बदल नाही. त्यामुळे निबंधाचे निष्कर्ष कायम आहेत.
>
> तक्ता २ मधील एसडी वापरून परिणामाचा आकार किंवा एकत्रित विश्लेषण केले असल्यास, ते वरील योग्य आकड्यांनी पुन्हा करावे.
>
> ही चूक निदर्शनास आणणाऱ्या वाचकाचे आम्ही आभारी आहोत. चुकीबद्दल लेखक दिलगीर आहेत. ऑनलाइन आवृत्तीतील तक्ता २ दुरुस्त केला आहे.

पानभर नाही, दोन ओळीही नाहीत. आता यातल्या काही जागा का तशा आहेत ते सांगतो, म्हणजे तुमच्या नियतकालिकाच्या साच्यात बसवताना काय हलवलं तर चालेल आणि काय नाही ते कळेल.

चुकीचा आकडाही छापलाय, आणि तो काढू नका. चुकीचा आकडा पुन्हा छापला तर तोच पसरेल अशी शंका सहलेखक काढतील. पण तुमचा निबंध ज्यांनी उतरवून ठेवलाय त्यांच्या संगणकात जुनी पीडीएफ कायम राहणार. त्या माणसाला हातातला कागद आणि तुमचं शुद्धिपत्र शेजारी ठेवून 'हा तोच १.५' असं बोट ठेवता आलं पाहिजे. नुसता योग्य आकडा दिला तर त्याला आपली प्रत जुनी की नवी हेच कळत नाही. 'छापलेला' आणि 'योग्य' हे दोन शब्द मात्र प्रत्येक आकड्याला चिकटलेले ठेवा. '१.५ ऐवजी १२.० वाचावे' हा जुना छापखानी प्रकारही चालतो, पण दोन-तीन आकडे झाले की 'ऐवजी'च्या अलीकडचं कुठलं आणि पलीकडचं कुठलं यात वाचकाची गफलत होते.

'सरासरी आणि संख्या बरोबर आहेत' हे वाक्य लोक हमखास गाळतात. त्यांना वाटतं, चूक नाही तिचा उल्लेख कशाला? तर कुंपण त्याच वाक्याने घातलं जातं. एकाच ओळीतला एक आकडा चुकला म्हटल्यावर डोळा आपोआप शेजारच्या आकड्यावर जातो. तो शेजारचा आकडा बरोबर आहे हे तिथल्या तिथे सांगितलं की शंका पुढे सरकत नाही.

'निष्कर्ष कायम आहेत' हे परिच्छेदाच्या शेवटी आहे आणि त्याच्या आधी 'त्यामुळे' आहे. हा क्रम बदलू नका. आधी पुरावा, मग निर्वाळा. निर्वाळा पहिल्या ओळीत ठेवला की तो वकिली वाटतो. 'कोणताही', 'अजिबात', 'मुळीच' असे ठासून सांगणारे शब्दही नकोत. ज्याच्याकडे पुरावा असतो त्याला आवाज चढवावा लागत नाही.

कारण एका वाक्यात दिलंय आणि त्यात माणूस नाही. 'कनिष्ठ संशोधकाकडून' वगैरे अजिबात लिहू नका; तक्ता सगळ्या लेखकांच्या नावावर छापलाय. पण कारण पूर्ण गाळूही नका. कारण दिलं नाही की वाचक स्वतः एक कारण रचतो, आणि ते नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतं. 'अनवधानाने' मात्र काढलंय. मुद्दाम चूक केली असं कुणी म्हटलेलंच नाही, मग नाकारायचं कशाला?

दिलगिरी एकदा आणि शेवटी. तीनदा मागितलेली माफी वाचून माणसाला वाटतं, यांनी आम्हाला सांगितलंय त्यापेक्षा काहीतरी मोठं आहे.

सहलेखकांच्या पानभर खुलाशाचं काय करायचं? तो वाया घालवू नका, संपादकांना पाठवा. संपादकांना लिहायचं पत्र आणि छापायचं शुद्धिपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या दोन बुजुर्गांचं भांडण बहुधा त्यांची गल्लत केल्यामुळेच चाललंय. पत्रात सगळं येऊ द्या: चूक कधी आणि कशी कळली, कुणी काय तपासलं, आधीचा आणि नंतरचा संपूर्ण तक्ता, पुन्हा चालवलेल्या विश्लेषणाचं आउटपुट, आणि सगळ्या लेखकांची संमती. वरचं २.१९ चं गणितही तिथेच टाका. संपादकाला स्वतः पडताळून बघता आलं की त्याचे चार प्रश्न कमी होतात. पत्र गेल्याशिवाय कुठे काही जाहीर करू नका, आणि 'ऑनलाइन तक्ता गुपचूप बदलून द्याल का' असं तर विचारूही नका. तारीख आणि टीप न टाकता बदललेला तक्ता कुणाच्या तरी जुन्या प्रतीशी जुळणार नाही, आणि मग साध्या चुकीला लपवाछपवीचा वास लागेल.

मोह होईल अशी आणखी एक गोष्ट आहे. शुद्धिपत्र लिहितोच आहोत तर त्यात तो वादग्रस्त विश्लेषणाचा मुद्दाही स्पष्ट करू, अमुक संदर्भही घालू, चर्चेतलं ते ढिलं वाक्यही घट्ट करू. नको. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा निबंध आठवा. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांच्यासोबत तो पुन्हा तपासला, तेव्हा दिसलं की एक्सेलमधल्या सरासरीत पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. इंग्रजी वर्णानुक्रमातले पहिले देश, पण त्या फाईलमध्ये यादी उलट्या क्रमाने होती, म्हणजे या शेवटच्या ओळी आणि निवड पाच ओळी आधीच थांबलेली. जास्त कर्ज असलेल्या देशांच्या वाढीचा आकडा उणे ०.१ वरून २.२ टक्क्यांवर जातो असं तपासणाऱ्यांनी दाखवलं. पण त्यातला एक्सेलच्या चुकीचा वाटा फक्त ०.३ टक्केबिंदूंचा. बाकीचा फरक कुठली वर्षं धरायची आणि देशांना वजन कसं द्यायचं यातून आलेला. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक लगेच कबूल केली, पण वजनाच्या पद्धतीवर ते ठाम राहिले. चूक आणि मतभेद या दोन वेगळ्या चिजा आहेत. लोकांच्या डोक्यात मात्र अजूनही सगळं मिळून 'ती एक्सेलची चूक' एवढंच राहिलंय, आणि दोन्ही गोष्टी एकदम चर्चेत आल्या की असंच होतं. तुमच्या शुद्धिपत्रात तक्ता २ ची चूक आणि फक्त तीच. मतभेद असतील तर संपादकांना पत्र हा मार्ग आहेच.

छापून आल्यावर दोन गोष्टी. एक, शुद्धिपत्र मूळ निबंधाला दोन्ही बाजूंनी जोडलंय का ते स्वतः उघडून बघा: निबंधाच्या पानावरून शुद्धिपत्र दिसलं पाहिजे आणि शुद्धिपत्रावरून निबंध. पबमेडवर निबंध असेल तर तिथेही असा दुवा येतो. तो आला नाही तर नियतकालिकाला कळवा. हे काम आपोआप होतं असं समजून बरेच लेखक सोडून देतात आणि शुद्धिपत्र कुणालाच सापडत नाही.

दुसरी म्हणजे, तुमचा निबंध ज्यांनी उद्धृत केलाय ती यादी काढा आणि त्यातले फक्त आढावे आणि एकत्रित विश्लेषणं वेगळी करा. प्रस्तावनेत एका वाक्यात तुमचं नाव घेणाऱ्यांना मेल करत सुटू नका, विनाकारण घबराट म्हणजे तीच. पण एखाद्या आढाव्याच्या तक्त्यात तुमच्या नावापुढे १.५ दिसला, तर त्याच्या मुख्य लेखकाला सरळ लिहा: 'आमच्या तक्ता २ मधला जो १.५ तुम्ही एसडी म्हणून घेतलाय तो एसई आहे, योग्य एसडी १२.०, तुलना गटाचं १.६ ऐवजी १२.८, शुद्धिपत्राचा दुवा सोबत.' एवढंच. त्याचं गणित बदलतं की नाही ते तो बघेल.

आणि त्या विद्यार्थ्याला आजच उत्तर द्या, शुद्धिपत्र छापून येईपर्यंत ताटकळत ठेवू नका. 'तुमची शंका बरोबर आहे, ते एसई आहे. योग्य आकडे १२.० आणि १२.८ येतात, आम्ही मूळ विदेवरून पडताळून संपादकांना कळवत आहोत.' शुद्धिपत्रात त्याचं नाव घातलेलं चालेल का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. नको म्हणाला तर मसुद्यात आहे तसं 'वाचक' राहू द्या.